विमा उतरवलेले पार्सल हरवले तर : कुरियर कंपनीला भरपाईचे पत्र कसे लिहावे आणि त्यासोबत कोणते पुरावे जोडावेत

पार्सल पाठवताना भाड्यासोबत विम्याचे पैसे भरले, पावती मिळाली आणि नंतर पार्सल वाटेतच नाहीसे झाले, तर आपल्याला वाटते की आता भरपाई मिळणे ही केवळ औपचारिकता उरली आहे. प्रत्यक्षात कंपनीकडून प्रश्न येऊ लागतात : आत काय होते, तेच होते कशावरून, त्याची किंमत एवढी कशावरून, आणि पार्सल पोहोचले नाही असे कोण म्हणते. अनेक जण या प्रश्नांनी दुखावले जातात आणि रागाने लांबलचक तक्रार लिहितात. तिच्यात झालेल्या मनस्तापाचे वर्णन असते, पण वरच्या चारपैकी एकाही प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर नसते. असे दावे महिनोन्‌महिने पडून राहतात किंवा किरकोळ रकमेवर मिटवले जातात. म्हणून हे पत्र कसे रचायचे आणि त्याला जोडलेला प्रत्येक कागद नेमके काय सिद्ध करतो, हे एक उदाहरण घेऊन पाहू.

'विमा' म्हणून आपण नेमके काय घेतले होते

पत्र लिहायला बसण्यापूर्वी पावती नीट वाचावी, कारण ज्याला आपण सरसकट विमा म्हणतो त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आपण पार्सलची किंमत पावतीवर लिहून देतो आणि त्या किमतीच्या प्रमाणात थोडा जादा आकार भरतो. याला जाहीर मूल्य म्हणतात. इथे विमा कंपनी कुठेच नसते. कुरियर कंपनी स्वतःच एरवीपेक्षा जास्त जबाबदारी घेते. दुसऱ्या प्रकारात खरोखरीची विमा पॉलिसी असते, तिच्यावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक असतो, आणि कुरियर कंपनी फक्त ती मिळवून देते.

पहिल्या प्रकारात दाव्याचे पत्र थेट कुरियर कंपनीला जाते. दुसऱ्या प्रकारात मुख्य दावा विमा कंपनीकडे करायचा असतो, पण तरीही कुरियर कंपनीला लेखी दावा मुदतीत पाठवावाच लागतो. विमा कंपनी आपल्याला पैसे दिल्यावर ते कुरियर कंपनीकडून वसूल करण्याचा आपला हक्क स्वतःकडे घेते. आपण मुदत चुकवून किंवा परस्पर तडजोड करून तो हक्क घालवला असेल, तर विमा कंपनी आपल्या दाव्यावरच बोट ठेवू शकते.

जाहीर मूल्याचा जादा आकार भरणे खरोखर उपयोगाचे आहे का, हेही एकदा आकड्यांत पाहणे योग्य ठरेल. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीला लागू होणाऱ्या 1999 च्या माँट्रियल करारात, किंमत वेगळी जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी वजनावर ठरते. 28 डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा किलोमागे 26 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून ते पाच प्रमुख चलनांच्या आधारे ठरते. 2.2 किलोच्या पार्सलला या हिशेबाने जास्तीत जास्त 57.2 एसडीआर मिळतील, मग आत पुस्तके असोत की महागडे यंत्र असो. माल सोपवताना विशेष मूल्य जाहीर करून त्याचा आकार भरला असेल तर मात्र ही वजनाची मर्यादा बाजूला होते आणि जाहीर केलेली रक्कम ही नवी मर्यादा ठरते. देशांतर्गत पार्सलला त्या त्या देशाचा कायदा आणि पावतीमागच्या अटी लागू होतात, तरी बहुतेक अटींची बांधणी अशीच असते : एरवी छोटी मर्यादा, आणि मूल्य जाहीर केल्यास मोठी.

इथला 'मर्यादा' हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहीर मूल्य ही भरपाईची कमाल रक्कम असते, ठरलेले बक्षीस नव्हे. वस्तूची खरी किंमत त्याहून कमी असेल तर कमीच रक्कम मिळते. खरी किंमत जास्त असेल तरी जाहीर मूल्याच्या वर काही मिळत नाही.

पार्सल 'हरवले' असे कधी म्हणता येते

ट्रॅकिंगवर अनेक दिवस एकच नोंद दिसत राहते आणि ग्राहक सेवेतून 'शोध सुरू आहे' एवढेच उत्तर येते. या अवस्थेत दाव्याची मुदत हळूच निघून जाते, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक हा शोधाचा असतो, दाव्याचा नव्हे. शोध चालू असताना दाव्याची मुदत थांबते असे गृहीत धरू नये. अटींमध्ये ही मुदत बुकिंगच्या तारखेपासून मोजलेली आहे की पोहोचण्याच्या अपेक्षित तारखेपासून, हे पाहून शेवटची तारीख कागदावर लिहून ठेवावी.

पार्सल हरवले असे कंपनीने कबूल करेपर्यंत थांबण्याची गरज नाही, हे आंतरराष्ट्रीय करारांतूनही दिसते. माँट्रियल करारानुसार माल पोहोचायला हवा होता त्या तारखेनंतर सात दिवस उलटले की माल घेणाऱ्याला आपले हक्क बजावता येतात. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीसाठी 1956 साली झालेल्या सीएमआर करारात, ठरलेल्या मुदतीनंतर 30 दिवसांत माल मिळाला नाही, किंवा मुदतच ठरलेली नसेल तर वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्यापासून 60 दिवसांत मिळाला नाही, तर तो हरवला असे धरले जाते. आपल्या पावतीच्या अटींत अशी काही व्याख्या असेल तर पत्रात तिचाच आधार घ्यावा.

पत्राने सिद्ध करायच्या चार गोष्टी

दावा तपासणारा कर्मचारी आपल्याला ओळखत नाही आणि त्याने ते पार्सल कधी पाहिलेलेही नसते. तो गणिताची उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकासारखा असतो : उत्तर बरोबर असले तरी पायऱ्या दाखवल्या नसतील तर तो गुण देऊ शकत नाही. आपल्या पत्रात अशा चार पायऱ्या लागतात. पार्सल कंपनीच्या ताब्यात दिले होते, त्यात अमुक वस्तू होती, त्या वस्तूची किंमत अमुक होती, आणि पार्सल घेणाऱ्याला मिळाले नाही.

पार्सल नेमके कसे हरवले, कोणत्या केंद्रात हरवले, कोणाच्या हलगर्जीपणामुळे हरवले, हे या चार गोष्टींत येत नाही, कारण ते आपण सिद्ध करायचे नसते. माँट्रियल करारातही माल वाहतूकदाराच्या ताब्यात असताना गहाळ झाला एवढे पुरेसे असते. मालातील मूळ दोष, पाठवणाऱ्याने केलेले सदोष पॅकिंग, युद्ध किंवा सरकारी कारवाई अशा मोजक्या कारणांपैकी एखादे घडले असेल, तर ते वाहतूकदाराने दाखवायचे असते. म्हणून पत्रात चोरीचा संशय किंवा कोणावर आरोप लिहू नयेत. त्यांनी दावा बळकट होत नाही, उलट चर्चा भलतीकडे जाते.

यातील पहिली पायरी सोपी आहे, कारण बुकिंगची पावती आणि ट्रॅकिंगमधील पहिली नोंद तेवढ्यासाठी पुरते. खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर होतो.

आत तीच वस्तू होती हे कसे दाखवायचे

बुकिंगच्या पावतीवर वस्तूचे नाव लिहिलेले असते, म्हणून पावती दाखवली की काम झाले असे वाटते. कंपनी मात्र ते नाव फक्त 'पाठवणाऱ्याने सांगितलेले' मानते, कारण खोका बंद असताना तिने आत डोकावून पाहिलेले नसते. माँट्रियल करारातील पुराव्याचा नियम हा फरक नेमका दाखवतो. हवाई मालपावतीवरचे वजन, मापे, पॅकिंग आणि नगांची संख्या प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. माल किती आणि कोणत्या स्थितीत आहे याविषयी तिच्यावर लिहिलेले मात्र वाहतूकदाराविरुद्ध पुरावा ठरत नाही, जोपर्यंत त्याने पाठवणाऱ्यासमोर तपासून तशी नोंद केलेली नसते. बाहेरून दिसते आणि काट्यावर मोजता येते त्याची हमी पावती देते, आतले मात्र आपणच दाखवायचे असते.

आता उदाहरण घेऊ. समजा एका छायाचित्रकाराने आपली वापरलेली टेलिफोटो लेन्स दुसऱ्या शहरातील खरेदीदाराला विकली आणि कुरियरने पाठवली. आकडे कोणत्याही चलनातले धरावेत. लेन्स तीन वर्षांपूर्वी 60,000 ला घेतली होती, विक्री 44,000 ला ठरली, आणि पावतीवर जाहीर मूल्य 45,000 लिहिले. 3 मार्चला बुकिंग झाले, 8 मार्चला पोहोचणे अपेक्षित होते, आणि 5 मार्चला एका मधल्या केंद्रात 'आगमन' अशी नोंद होऊन पुढे काहीच नोंद आली नाही.

या माणसाकडे तीन गोष्टी आहेत. पॅकिंग करताना काढलेल्या छायाचित्रांत लेन्सवर कोरलेला अनुक्रमांक वाचता येतो, आणि पुढच्या छायाचित्रात तीच लेन्स अर्ध्या भरलेल्या खोक्यात दिसते. तोच अनुक्रमांक तीन वर्षांपूर्वीच्या खरेदीच्या बिलावर आहे. तिसरी गोष्ट म्हणजे वजन. निर्मात्याच्या माहितीपत्रकानुसार लेन्स 1.54 किलोची आहे, तसलाच खोका, पिशवी आणि फुग्यांचा कागद घरच्या काट्यावर 0.62 किलो भरतो, म्हणजे एकूण 2.16 किलो. पावतीवर प्रत्यक्ष वजन 2.2 किलो आहे. सुटा सुटा पाहिला तर यातला प्रत्येक पुरावा अपुरा आहे. छायाचित्र काढून झाल्यावर वस्तू बाहेर काढता आली असती, बिल घरीही असू शकते, आणि 2.2 किलोची दुसरी काहीही वस्तू असू शकते. पण अनुक्रमांक, बिल आणि कंपनीच्याच काट्यावरचे वजन हे तिन्ही एकाच वस्तूकडे बोट दाखवतात, तेव्हा शंका घेणाऱ्यालाच त्या शंकेचे कारण द्यावे लागते.

वजनाबाबत एक गफलत टाळावी. पावतीवर बरेचदा दोन वजने असतात, एक प्रत्यक्ष आणि एक भाडे आकारणीचे. हलक्या पण मोठ्या खोक्यांसाठी अनेक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्षापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे घेतात. आपल्या उदाहरणातील खोका 30 × 25 × 20 सेंटिमीटरचा असल्याने आकारणीचे वजन 3 किलो येते. दाव्यात चुकून हे 3 किलो लिहिले, तर वस्तू आणि पॅकिंगच्या बेरजेशी ते जुळत नाही आणि तपासणाऱ्याला विनाकारण शंका येते. पत्रात नेहमी प्रत्यक्ष वजनच द्यावे.

किती रक्कम मागावी

मोह 45,000 मागण्याचा होतो, कारण जाहीर मूल्य तेच आहे. नव्या लेन्सचे 60,000 मागावेत असेही कोणाला वाटेल. दोन्ही चूक आहे. नुकसान म्हणजे हरवण्याच्या वेळी वस्तूची जी किंमत होती ती, आणि इथे ती किंमत प्रत्यक्ष व्यवहारानेच ठरलेली आहे : खरेदीदाराने 44,000 दिले होते आणि लेन्स न पोहोचल्यामुळे ते त्याला परत करावे लागले. रक्कम जमा झाल्याची आणि परत केल्याची बँकेतील नोंद यापेक्षा चांगला किमतीचा पुरावा मिळणे अवघड आहे. असा व्यवहार झालेला नसेल, तर त्याच मॉडेलच्या, तितक्याच जुन्या वस्तूंचे विक्रेत्यांकडून घेतलेले दोनतीन लेखी दर जोडावेत.

याशिवाय भाडे परत मागता येते, कारण वाहतूक पूर्णच झाली नाही. सीएमआर करारात संपूर्ण माल हरवल्यास भाडे पूर्ण परत करण्याची स्पष्ट तरतूद आहे. जाहीर मूल्यासाठी भरलेला जादा आकार मात्र मागू नये, कारण ज्या जोखमीसाठी तो भरला तीच जोखीम घडली आहे. मनस्ताप, हुकलेला नफा किंवा फोनचा खर्च यांना बहुतेक अटी स्पष्ट नकार देतात, आणि ते या पत्रात घातले तर मूळ रकमेवरची मान्यताही लांबू शकते. समजा भाडे 850 होते, तर मागणी 44,850 ची होते. जाहीर मूल्याची मर्यादा वस्तूच्या भरपाईला लागू होते आणि भाडे हा वेगळा हिशेब असतो, म्हणून दोन्ही रकमा पत्रात वेगळ्या दाखवाव्यात.

पत्राचा मसुदा

दिनांक : 20 मार्च

प्रति,
दावा विभाग,
(कंपनीचे पावतीवरील पूर्ण नाव व नोंदणीकृत पत्ता)

विषय : हरवलेल्या पार्सलच्या भरपाईचा लेखी दावा. पावती क्रमांक (पूर्ण क्रमांक), बुकिंग दिनांक 3 मार्च, जाहीर मूल्य 45,000.

महोदय/महोदया,

वरील पावतीनुसार मी 3 मार्च रोजी आपल्या बुकिंग केंद्रात एक पार्सल सोपवले. पावतीवर नगांची संख्या एक, प्रत्यक्ष वजन 2.2 किलो आणि जाहीर मूल्य 45,000 अशी नोंद असून भाडे 850 आणि जाहीर मूल्याचा आकार 450 मी त्याच दिवशी भरला आहे (जोडपत्र 1 व 2).

पार्सलमध्ये एक वापरलेली टेलिफोटो लेन्स होती (मॉडेल व अनुक्रमांक). पॅकिंगच्या वेळची छायाचित्रे, ज्यांत अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतो, आणि तोच अनुक्रमांक असलेले खरेदीचे बिल सोबत जोडले आहे (जोडपत्र 3 व 4). निर्मात्याने दिलेले लेन्सचे वजन आणि पॅकिंगचे वजन मिळून 2.16 किलो होते व ते आपल्या पावतीवरील वजनाशी जुळते (जोडपत्र 5).

ही लेन्स पार्सल घेणाऱ्या व्यक्तीला 44,000 इतक्या किमतीला विकली होती. ती रक्कम मला मिळाल्याची आणि पार्सल न पोहोचल्यामुळे मी ती परत केल्याची बँकेतील नोंद जोडली आहे (जोडपत्र 6).

पार्सल 8 मार्चपर्यंत पोहोचणे अपेक्षित होते. आपल्या ट्रॅकिंगमध्ये 5 मार्च रोजी मधल्या केंद्रात आगमनाची नोंद असून त्यानंतर कोणतीही नोंद नाही (जोडपत्र 7). पार्सल आजवर मिळालेले नाही असे घेणाऱ्या व्यक्तीचे सही केलेले निवेदन जोडले आहे (जोडपत्र 8). मी 10 मार्च रोजी शोधाची तक्रार नोंदवली होती, तिचा क्रमांक व आलेले उत्तर सोबत आहे (जोडपत्र 9).

त्यामुळे मी पुढीलप्रमाणे दावा करीत आहे : वस्तूची किंमत 44,000 आणि भाड्याचा परतावा 850, एकूण 44,850. शोधाचे काम चालू असले तरी हे पत्र आपल्या अटींनुसार मुदतीत केलेला लेखी दावा समजावे.

कृपया हे पत्र मिळाल्याची लेखी पोच व दावा क्रमांक द्यावा. दावा पूर्णतः किंवा अंशतः नाकारायचा असल्यास ज्या अटीच्या आधारे नाकारला तिचा क्रमांक आणि कारण लेखी कळवावे. भरपाई दिल्यानंतर पार्सल सापडल्यास मला त्याची लेखी सूचना द्यावी.

जोडपत्रांच्या प्रती पाठवत असून मूळ कागद माझ्याकडे आहेत. मागितल्यास ते समक्ष दाखवीन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी, रक्कम जमा करायच्या खात्याचा तपशील)

सोबत : जोडपत्र 1 बुकिंगची पावती, पुढची व मागची बाजू. 2 पैसे भरल्याची नोंद. 3 पॅकिंगची छायाचित्रे, चार. 4 खरेदीचे बिल. 5 निर्मात्याच्या वजनाचा तपशील व पॅकिंग काट्यावर असतानाचे छायाचित्र. 6 रक्कम मिळाल्याची व परत केल्याची बँक नोंद. 7 ट्रॅकिंगच्या पानाची दिनांकासह छापील प्रत. 8 घेणाऱ्याचे निवेदन. 9 शोधाच्या तक्रारीचा पत्रव्यवहार.

या पत्रात प्रत्येक विधानाशेजारी जोडपत्राचा क्रमांक आहे आणि एकही जोडपत्र विधानाशिवाय आलेले नाही. सगळे कागद एका गठ्ठ्यात पाठवून 'सोबत आवश्यक कागदपत्रे जोडली आहेत' असे लिहिले, की कोणता कागद कशासाठी आहे हे शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते, आणि 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारणे त्याला सोपे जाते. पावतीची मागची बाजू मुद्दाम जोडावी, कारण अटी तिथेच असतात आणि पुढे कोणत्या अटी लागू होत्या यावर वाद होऊ शकतो. ट्रॅकिंगचे पानही लगेच जपून ठेवावे, कारण काही काळाने जुन्या नोंदी दिसेनाशा होतात.

'ट्रॅकिंगवर तर डिलिव्हर्ड दिसते'

पार्सल मिळालेले नसतानाही अशी नोंद दिसू शकते. चुकीच्या पत्त्यावर दिलेले, शेजारी ठेवलेले किंवा न देताच दिल्याची नोंद केलेले, अशी वेगवेगळी कारणे त्यामागे असतात. अशा वेळी पत्रातील चौथ्या पायरीचा परिच्छेद बदलावा आणि कंपनीकडे पोचपावतीची प्रत, म्हणजे सही, वेळ, घेणाऱ्याचे नाव आणि असल्यास दारातले छायाचित्र मागावे. घेणाऱ्याच्या निवेदनात त्या दिवशी पत्त्यावर कोण कोण होते आणि कोणीही पार्सल घेतले नाही हे स्पष्ट असावे, आणि त्यावर त्याची नेहमीची सही असावी, म्हणजे पोचपावतीवरच्या सहीशी ताडून पाहता येईल. ही तक्रार विशेष लवकर करावी, कारण पार्सल 'दिले' अशी नोंद झाल्यावर तक्रारीची मुदत अटींमध्ये वेगळी आणि लहान असू शकते.

'मूळ बिल नाही, मग दावा करता येणार नाही का?'

करता येतो. बिलाचे काम दोन गोष्टी दाखवण्याचे आहे, वस्तू आपली होती आणि तिची किंमत काय होती. खरेदीच्या वेळची बँकेतील नोंद, विक्रेत्याकडून मागवलेली बिलाची दुसरी प्रत, अनुक्रमांकासह केलेली वॉरंटीची नोंदणी किंवा दुरुस्तीच्या दुकानाची जुनी पावती यांतून पहिली गोष्ट दाखवता येते, आणि दुसरी लेखी दरांतून. स्वतः हाताने बनवलेल्या वस्तूसाठी कच्च्या मालाची बिले आणि तशाच वस्तूंच्या आधीच्या विक्रीच्या नोंदी द्याव्यात. नवे बिल मागील तारखेने मात्र कोणाकडूनही करून घेऊ नये. ते उघड झाले तर बाकीचे सगळे खरे कागदही संशयास्पद ठरतात.

'पॅकिंग नीट नव्हते, म्हणून दावा नामंजूर'

पार्सल फुटले किंवा आतली वस्तू मोडली असेल तर हे कारण विचारात घ्यावे लागते. संपूर्ण पार्सलच हरवले असेल तर त्याचा संबंध जुळवणे कंपनीला कठीण जाते. फक्त एक शक्यता उरते : वरचा पत्ता निघून गेला आणि पार्सल बेवारस मालात जाऊन पडले. म्हणूनच पॅकिंगच्या छायाचित्रांत शेवटचे छायाचित्र बंद खोक्याचे, पत्त्याची चिठ्ठी नीट चिकटवलेली दिसेल असे असावे. कंपनीने हे कारण दिले तर लेखी उत्तरात तेच छायाचित्र दाखवून, खोक्याच्या मापांसह बेवारस मालाच्या नोंदी तपासण्याची विनंती करावी.

वस्तूच्या प्रकारामुळे दावा नाकारला जाणे ही अधिक गंभीर गोष्ट आहे. रोख रक्कम, दागिने, नाशवंत माल अशा वस्तू अनेक अटींमध्ये वगळलेल्या असतात, आणि अशा वस्तूसाठी जाहीर मूल्याचा आकार घेतलेला असला तरी कंपनी त्या अटीवर बोट ठेवते. तसे झाल्यास बुकिंगच्या वेळी वस्तूचे नाव आपण खरे सांगितले होते आणि ते वाचूनच कंपनीने आकार स्वीकारला, हा मुद्दा पावतीच्या आधारे मांडावा.

'फक्त भाडे परत देतो, इथे सही करा'

अशा वेळी पुढे केलेल्या कागदावर बहुधा 'पूर्ण व अंतिम भरपाई' असे शब्द असतात, आणि सही केली की उरलेल्या रकमेचा हक्क सोडल्यासारखे होते. रक्कम घ्यायचीच असेल तर 'दाव्याच्या रकमेपैकी अंशतः, उर्वरित हक्क राखून' असे लिहून घ्यावी. कंपनी ते मान्य करत नसेल तर सही करू नये. आणि खरी विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीला विचारल्याशिवाय कशावरच सही करू नये.

पत्र पाठवल्यावर

पत्र पोच मिळेल अशाच मार्गाने पाठवावे, नोंदणीकृत टपालाने आणि सोबत कंपनीच्या दाव्यासाठीच्या ई-मेलवरही. आपल्या उदाहरणातील कंपनीची अट 'बुकिंगपासून 30 दिवसांत लेखी दावा' अशी असेल, तर शेवटची तारीख 2 एप्रिल येते, आणि 20 मार्चचे पत्र त्याच्या बरेच आत पोहोचते. दाव्याची मुदत आणि न्यायालयात जाण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माँट्रियल करारात न्यायालयात जाण्यासाठी दोन वर्षे आहेत, सीएमआरमध्ये साधारणपणे एक वर्ष. सीएमआरनुसार लेखी दावा पाठवल्यावर कंपनी तो लेखी नाकारून आपली कागदपत्रे परत करेपर्यंत हे घड्याळ थांबते. इतर ठिकाणी असे थांबते असे मानून चालू नये, म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथून ग्राहक तक्रारीच्या यंत्रणेकडे जाण्याचा निर्णय तारखा समोर ठेवूनच घ्यावा.

भरपाई मिळाल्यावर पार्सल सापडले तर काय, याची तरतूद पत्रातील शेवटच्या विनंतीत आहे. सीएमआर करारात हीच सोय आहे : भरपाई घेताना लेखी विनंती केलेली असेल, तर पुढच्या एका वर्षात माल सापडल्यास वाहतूकदाराने लगेच कळवायचे असते, आणि कळल्यापासून 30 दिवसांत हक्कदार भरपाई परत करून माल मागू शकतो. तशी विनंती केलेली नसेल किंवा त्या 30 दिवसांत काही कळवले नाही, तर सापडलेल्या मालाचे काय करायचे हे वाहतूकदार ठरवतो. ज्या वस्तूचे मोल पैशांपेक्षा जास्त आहे, ती पाठवणाऱ्याने ही एक ओळ पत्रात लिहिलेली आहे ना हे सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.